शिक्षक दिनाच्या शुभेच्छा आणि खालची सवलत

5 सप्टेंबरच्या सकाळी अकरावी-बारावीच्या मुलांच्या मोबाइलवर क्लासचे संदेश येऊ लागतात. मजकूर साधारण असा असतो : ‘प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्या प्रश्नांनी आम्हाला घडवलं. तुमचे मनापासून आभार. आज प्रवेश घेणाऱ्यांना फीमध्ये 20 टक्के सवलत. जागा मोजक्याच.’

आभार आणि प्रवेशाचं आमंत्रण एकत्र आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये. क्लास फीवरच चालतो, आणि रात्री उशिरापर्यंत मुलांच्या शंका सोडवणारे सर-मॅडम मी पाहिले आहेत. पण हे दोन भाग वेगवेगळे वाचावेत. मुलांच्या मागणीवरून रविवारची चाचणी शनिवारी घेतली, अशी एखादी नेमकी गोष्ट आभारात असेल, तर ते लिहिणाऱ्याला आपली मुलं माहीत आहेत.

खरी पारख सवलतीच्या ओळीची. ‘जागा मोजक्याच’ हे खरं नसेल, तर तशी घाई लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. संदेशासोबत गुणवंताचा फोटो असेल, तर त्याने कोणता कोर्स केला, किती महिने केला आणि फी भरून केला का, हेही लिहावं लागतं. फक्त मुलाखतीच्या तयारीला किंवा सराव चाचण्यांना आलेला विद्यार्थी पूर्ण बॅचचा म्हणून दाखवला जाऊ नये, यासाठी ही अट.

आता पैशांचं पाहू. समजा, दहा महिन्यांच्या कोर्सची फी 60,000 रुपये आहे. सवलतीनंतर तुम्ही 48,000 एकरकमी भरले आणि तीन महिन्यांनी मुलाने क्लास सोडला. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या सूचनांनुसार उरलेल्या सात महिन्यांचे 33,600 रुपये दहा दिवसांत परत मिळायला हवेत. मात्र या सूचना केंद्राने राज्यांना दिलेल्या आहेत, त्यांची अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे. म्हणून परताव्याची अट प्रवेश अर्जावर लिहून घ्या. ‘सवलतीची फी परत मिळणार नाही’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असेल, तर तिथेच थांबून विचारा. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असंही याच सूचनांत म्हटलं आहे.

एक प्रश्न मात्र बहुतेक पालकांच्या ध्यानातच येत नाही. बॅच जूनमध्ये सुरू झाली असेल, तर सप्टेंबरपर्यंत बराच भाग शिकवून झालेला असतो. तो बुडालेला भाग कोण, कधी आणि किती तासांत भरून काढणार? याचं वेळापत्रक क्लासने लगेच हातात ठेवलं, तर प्रवेशाचा विचार जरूर करा. ‘रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत ना’ एवढंच उत्तर मिळालं, तर 20 टक्के कमी फी भरूनही मूल तीन महिने मागेच राहील.