वाकडी तलवार आणि सरळ धोप

वाकडी एकधारी तलवार घोडेस्वाराची आणि सरळ दुधारी तलवार पायदळाची, अशी विभागणी शस्त्रांविषयीच्या लेखनात सर्रास आढळते. ती निम्मीच खरी आहे. युरोपातले मध्ययुगीन सरदार घोड्यावर बसून सरळ दुधारी तलवारच चालवत असत. दख्खनेत मराठे स्वार लांब सरळ पात्याची धोप बाळगत, तर हिंदुस्थानातला कितीतरी पायदळी शिपाई ढालीसोबत वाकडी तलवारच वापरत होता. पात्याचा आकार ठरतो तो तीन गोष्टींवरून: वार करताना हात किती वेगाने आणि कोणत्या दिशेने जातो, समोरच्याच्या अंगावर काय आहे आणि तलवार फिरवायला भोवती जागा किती आहे.

वाकड्या पात्याचे काम विळीवर भाजी चिरण्यासारखे आहे. भाजी पात्यावर नुसती दाबली तर ती चेंगरते. दाबतानाच पुढे सरकवली की सहज चिरली जाते. वाकड्या पात्यात हे सरकणे आपोआप घडते, कारण हात गोल फिरत असताना धार लक्ष्याला काटकोनात न भिडता तिरकी भिडते. पुढचा भाग आधी टेकतो आणि बाकीची धार त्याच जखमेतून ओढली जाते. याचा हिशेब मांडता येतो. धारेच्या दोन बाजूंमधला कोन ३० अंश आहे असे धरू. पाते सरळ आत गेले तर मांसाला ३० अंशांची पाचर फोडते. तेच पाते धारेशी ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने सरकत गेले तर त्याच पाचरीचा परिणाम सुमारे २१ अंशांच्या पाचरीइतका होतो. लोखंड तेच आणि धारही तीच, पण पाते जास्त तीक्ष्ण असल्यासारखे वागते.

घोड्यावर याचा आणखी एक फायदा होतो. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावतो. समोरून दुसरा घोडा तितक्याच वेगाने येत असेल तर दोन स्वार एकमेकांच्या टप्प्यात क्षणभरच असतात. अशा वेळी पाते शरीरात अडकले की स्वाराचे मनगट मुरगळते, नाहीतर तलवार हातातून सुटते. वाकडे पाते वार करून घसरत बाहेर येते, आणि घोडा पुढे जात असताना हातही पुढे जात राहतो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार टोळ्यांनी इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकापासून हे पाते रुळवले. पुढे तुर्क आणि इराणी परंपरांतून ते हिंदुस्थानात स्थिरावले. इराणी शमशेरीचा बाक फारच खोल असतो. मोगल काळातल्या तलवारीचा बाक बहुधा त्याहून सौम्य असतो आणि तिचे पाते साधारण ७० ते ८० सेंटिमीटर लांब असते.

एकाच बाजूला धार ठेवण्यालाही कारण आहे. दुसरी बाजू बोथट राहिली की तिथे लोखंड जाड ठेवता येते. या जाड पाठीमुळे पाते ताकदवान होते आणि धारेकडे हळूहळू पातळ होत जाते. दुधारी पात्याला दोन्ही कडा पातळ ठेवाव्या लागतात, म्हणून जाडी मध्यभागीच उरते. त्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. मनगट न वळवता उलटा वार करता येतो, आणि दोन्ही कडा टोकाशी मिळत असल्याने टोक हाताच्या नेमक्या रेषेत येते. भोसकण्यासाठी हाच गुण महत्त्वाचा. वाकड्या तलवारीचे टोक मुठीच्या रेषेबाहेर असते. ती सरळ खुपसायला गेले तर पाते बाजूला वळू पाहते आणि नेम चुकतो.

हिंदुस्थानी तलवारीच्या मुठीनेही हा फरक वाढवला. तिच्या टोकाला असणारी तबकडी मनगटाला टेकते आणि मूठ हातात घट्ट बसते. अशा पकडीत मनगट पुढे सरळ करून टोक लांबवणे अवघड होते, कारण तबकडी हातात रुतते. त्याउलट खांद्यापासून फिरवून ओढत नेलेला वार भक्कम बसतो. अशी तलवार मोठ्या हाताच्या माणसाला तोकड्या मुठीची वाटते, पण तिची रचनाच मुळी वेगळ्या वापरासाठी आहे.

पायदळात परिस्थिती उलटी असते. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाला हात गोल फिरवायला जागा नसते. रोमन सैनिकांचा आखूड ग्लॅडियस याच अडचणीतून उपयोगी ठरला: मोठी ढाल पुढे आणि तिच्या आडून भोसकणे. त्यांच्या घोडदळाकडे मात्र तशीच सरळ, पण अधिक लांब स्पाथा होती, कारण घोड्यावरून खाली पोहोचायला लांबी लागते. म्हणजे घोड्यासाठी रोमनांनी पाते वाकवले नाही, लांब केले. चिलखत हा दुसरा मुद्दा. लोखंडी कड्यांच्या जाळीवर ओढलेला वार निसटून जातो. टोक मात्र कडी उसवून आत शिरू शकते. पोलंडच्या पंखवाल्या हुसार स्वारांनी म्हणूनच एकाच घोड्यावर दोन हत्यारे ठेवली. कमरेला वाकडी तलवार असे आणि खोगिराला लटकवलेले, निव्वळ भोसकण्यासाठी असलेले लांब सरळ पाते. भाला मोडल्यावर ते पाते हाती यायचे.

दख्खनेतली धोप या सगळ्यातला सर्वांत रोचक नमुना आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांच्या व्यापारातून युरोपीय पाती मोठ्या प्रमाणात येथे येऊ लागली. जर्मनीतले झोलिंगेन आणि स्पेनमधले टोलेडो ही त्यासाठी प्रसिद्ध गावे. फिरंग्यांकडून आलेली म्हणून अशी तलवार फिरंग म्हणून ओळखली गेली. पुढे स्थानिक लोहारही तशी पाती घडवू लागले. पाते बहुधा ९० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या तलवारीपेक्षा वीतभर जास्त. मूठ मात्र देशी, पंजा झाकणारी आणि मागे दांडी असलेली. काही पाती दुधारी असत, काही एकधारी. सरळ म्हणजे दुधारीच असे समीकरण इथेही टिकत नाही. शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी जी तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट दिली गेली आणि आज तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, तिचे पातेही युरोपीय घडणीचे आहे.

घोड्यावरचा मराठा स्वार अशी सरळ तलवार का पसंत करीत असावा, याचे उत्तर बरेचसे लांबीत आहे. जमिनीवरच्या भालाईताला किंवा ढाल धरून बसलेल्या शिपायाला खोगिरावरून गाठायचे तर प्रत्येक इंच कामाचा असतो. धावत्या घोड्यावरून हात ताठ पुढे धरला की धोप भाल्यासारखी वापरता येते. रुईच्या जाड थरांचे अंगरखे आणि जाळीची चिलखते घातलेल्यांवर टोकाचा उपयोग होतो, तर उघड्या हातापायांवर धारेचा. धोपेने दोन्ही साधते, पण दोन्हींत पहिल्या दर्जाचे साधत नाही. तिचे ओढून कापणे वाकड्या तलवारीइतके खोल जात नाही. भरवेगात खुपसल्यावर ती अडकण्याचा धोकाही कायम राहतो. म्हणून खुपसल्यावर हात मागे सैल सोडायचा असतो, म्हणजे घोडा पुढे जाताना पाते आपोआप बाहेर ओढले जाते. हे जमायला बराच सराव लागतो.

सरळ पात्याचे दुसरे रूप पट्टा. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत पोहोचणारा लोखंडी हातमोजा असतो, आतल्या आडव्या दांड्याला हात धरतो. मनगट जखडले जाते आणि पाते पुढच्या हाताचीच लांबी बनते. मनगटाची नाजूक हालचाल गेली, पण खांदा आणि कंबर यांच्या जोरावर भोवती सपासप चक्र फिरवता येते. चहूबाजूंनी घेरल्या गेलेल्या एकट्या पायदळी योद्ध्याला हे सोयीचे. खिंडीत एकट्याने शत्रू रोखून धरणाऱ्यांच्या हाती परंपरेने पट्टाच दिलेला दिसतो, हे बहुधा याच कारणाने. दाटीवाटीच्या रांगेत मात्र तो शेजाऱ्यालाच घातक ठरेल.

आकार हेच सर्वस्व नव्हे, हे दाखवणारे उदाहरण हैदराबादच्या निजामाच्या घोडदळाचे आहे. १७९६ मध्ये जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या इंग्रज अधिकाऱ्याने हलक्या घोडदळासाठी वाकडी, टोकाकडे रुंद होणारी तलवार तयार करवून घेतली. सुमारे ३३ इंचांचे ते पाते खोल वारासाठीच होते. पुढे फौजेने मोडीत काढलेली जुनी इंग्रजी पाती निजामाच्या स्वारांकडे पोचली. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले की या स्वारांनी तीच पाती वापरून केलेल्या जखमा पाहून इंग्रज चकित झाले. हात आणि मुंडकी एका वारात तुटली होती. पाते इंग्रजीच होते, फरक वापरण्यात होता. स्वारांनी त्यावर चपटी, हातात न फिरणारी देशी मूठ बसवली, त्यामुळे धार प्रत्येक वेळी नेमकी लक्ष्यावर पडे. म्यान लाकडाचे होते. लढाईखेरीज ते तलवार उपसत नसत, आणि धार वस्तऱ्यासारखी ठेवत. इंग्रज फौजेची लोखंडी म्याने तलवार आतबाहेर करताना धार घासून बोथट करीत. बोथट वाकडे पाते म्हणजे आकड्याच्या काठीइतकेच. सरळ पात्याला निदान टोक तरी उरते.

कापावे की भोसकावे हा वाद युरोपीय घोडदळात त्यानंतरही अर्धशतक चालला. नेपोलियनच्या चिलखती घोडदळाला, म्हणजे कुइरासिए स्वारांना, लांब सरळ तलवारी होत्या आणि त्यांना टोक पुढे ठेवून धावण्याचे शिकवले जाई, तर हलक्या घोडदळाकडे वाकड्या तलवारी राहिल्या. इंग्रजांनी १९०८ मध्ये एक बाजू पत्करली. त्या वर्षीच्या नमुन्याचे पाते ३५ इंच, सरळ, अरुंद आणि भोसकण्यासाठीच घडवलेले होते. मूठ अशी वळवलेली की हात ताठ केल्यावर टोक आपोआप समोरच्याच्या छातीच्या रेषेत यावे. धारेवर विश्वास ठेवण्याची गरज त्याने संपवली. हिंदी घोडदळासाठी याच नमुन्याची लहान मुठीची आवृत्ती निघाली. त्याआधी हिंदी पथकांतल्या अनेक स्वारांकडे इंग्लंडात व हिंदुस्थानात बनलेल्या वाकड्या तलवारी होत्या, आणि त्या चालवण्याची सवय असलेल्याला नव्या पात्यावर वार करण्याची जुनी रीत विसरून केवळ टोकाने लढायला शिकावे लागले.