टॅबवरून डिलीट झालेली हस्तलिखिते परत मिळवताना

सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबवर एस पेनने लिहिलेली टिपणे आणि काढलेल्या आकृत्या ‘सॅमसंग नोट्स’ या ॲपमध्ये साठवल्या जातात. त्यातली एखादी नोट डिलीट केली तरी ती लगेच नष्ट होत नाही. ती ॲपच्या ट्रॅशमध्ये जाते आणि सध्याच्या आवृत्त्यांत तिथे 30 दिवस राहते. जुन्या आवृत्त्यांत ही मुदत कमी होती, म्हणून ट्रॅश उघडल्यावर तिथे दिलेली दिवसांची सूचना वाचून घेणे चांगले. मुदत नोट डिलीट केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. वर्षभरापूर्वीची वही काल डिलीट झाली असेल तर तिला पूर्ण मुदत मिळते.

परत आणण्याची रीत सोपी आहे. नोट्सच्या यादीत डावीकडे वर तीन आडव्या रेघांचे चिन्ह असते. त्याला स्पर्श केला की फोल्डरांची यादी उघडते आणि तिच्यात ‘Trash’ दिसते. हवी असलेली नोट तिथे बोट दाबून धरून निवडायची आणि खाली आलेल्या ‘Restore’वर टेकवायचे. नोट आपल्या हस्ताक्षरासह, रंगांसह परत येते. रेघा चित्र म्हणून नव्हे, तर रेघा म्हणूनच साठवलेल्या असल्यामुळे त्या पुन्हा खोडता येतात, हलवता येतात. परत आणलेली नोट यादीत अगदी वर दिसेलच असे नाही. यादी तारखेप्रमाणे लावलेली असेल तर जुनी नोट बरीच खाली जाऊन बसते, आणि ती परत आलीच नाही असा गैरसमज होतो. अशा वेळी तिचे नाव टाकून शोधावे.

ट्रॅशची एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. ट्रॅशमध्ये जाते ती अख्खी नोट. नोटेच्या आतले एखादे पान काढून टाकले, खोडरबरने आकृती पुसली किंवा लासोने घेरून सगळा मजकूर उडवला, तर ते ट्रॅशमध्ये जात नाही. ॲपच्या दृष्टीने नोट जिवंतच असते, फक्त तिच्यात बदल झालेला असतो. हे ओळखायची खूण म्हणजे यादीत नोटेचे नाव जागेवर असते, पण तिचे छोटे चित्र कोरे किंवा अर्धवट दिसते. इथे उपयोगी पडतो तो ‘मागे घ्या’चा बाण, आणि तोही नोट उघडी आहे तोवरच. नोट बंद करून पुन्हा उघडली की आधीची पावले विसरली जातात. मजकूर पुसण्याऐवजी ‘कट’ केला गेला असेल, तर दुसरे काही कॉपी करण्याआधी एखाद्या कोऱ्या नोटेत पेस्ट करून पाहावे. तो अजून क्लिपबोर्डवर असू शकतो.

आता सिंकविषयी. सॅमसंग अकाउंटने साइन इन करून ॲपच्या सेटिंगमध्ये ‘Sync with Samsung Cloud’ चालू केले की टॅबवरच्या नोटा सॅमसंगच्या सर्व्हरवर जातात आणि त्याच अकाउंटच्या फोनवरही उतरतात. म्हणूनच आपल्या नोटांची एक प्रत क्लाउडमध्ये सुरक्षित आहे असे पुष्कळांना वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. टॅब हरवला, फुटला किंवा बदलला तर ती प्रत खरोखर कामाला येते. नोट आपणच डिलीट केली असेल तर मात्र नाही, कारण सिंकचे काम सगळ्या उपकरणांवर एकच स्थिती ठेवण्याचे आहे. नवी रेघ जशी पुढे पोचते, तशीच खोडलेली रेघ आणि डिलीट झालेली नोटही पुढे पोचते. टॅबवर पुसलेली आकृती पुढच्या सिंकमध्ये फोनवरही पुसली जाते.

म्हणून नोटा दिसेनाशा झाल्या की आधी एक गोष्ट ठरवावी: त्या डिलीट झाल्या आहेत, की फक्त या उपकरणावर आलेल्या नाहीत? एकाच वेळी सगळ्या नोटा गेल्या असतील आणि ट्रॅशही रिकामा असेल, तर बहुधा कुणी काही डिलीट केलेले नसते. टॅब नवा घेतलेला असतो, रिसेट झालेला असतो किंवा त्यात दुसऱ्याच सॅमसंग अकाउंटने साइन इन झालेले असते. घरात दोघांची दोन अकाउंटे असतील तर हे सहज घडते. अकाउंट तपासावे, सिंक चालू करावे, टॅब वायफायवर ठेवावा आणि नोट्सची यादी बोटाने खाली ओढून सिंक सुरू करावे. चित्रांनी भरलेल्या मोठ्या नोटा उतरायला वेळ लागतो. तेवढा धीर धरावा आणि घाईघाईने ॲप काढून टाकून पुन्हा टाकू नये. ॲप काढले किंवा टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा ‘Clear data’ केला, तर उपकरणावरच्या नोटा जातात. ज्या कधी सिंकच झाल्या नव्हत्या, त्या मग क्लाउडमधूनही येणार नाहीत. ‘Clear cache’ने नोटांना धक्का लागत नाही, पण ही दोन बटणे जवळजवळ असतात.

अवघड प्रसंग येतो तो ट्रॅशही रिकामा केल्यावर. त्यातही एक वाट कधीकधी उघडी असते, ती म्हणजे अजून सिंक न झालेले दुसरे उपकरण. पुण्याच्या होस्टेलवर राहणाऱ्या, वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिने गावातल्या जुन्या वाड्याची मापे टॅबवर टिपलेली आहेत. 22 पानांच्या त्या नोटेत चौकाचा आराखडा, खांबांच्या आकृत्या आणि प्रत्येक दालनाची लांबी-रुंदी आहे. टॅब आणि फोन दोन्ही शुक्रवारी रात्री होस्टेलच्या वायफायवर सिंक झाले. शनिवारी सकाळी तिने टॅबवर देवडीची आणखी दोन पाने काढली, आणि दुपारी एसटीत बसल्यावर टॅबवरची जागा मोकळी करताना ही नोटही इतरांबरोबर डिलीट करून ट्रॅश रिकामा केला. टॅब त्या वेळी फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेला होता.

इथे एक बारीक गोष्ट तिच्या उपयोगी पडते. नोट्सच्या सिंकसाठी ‘Wi-Fi only’ असा पर्याय असतो आणि तिच्या दोन्ही उपकरणांवर तोच निवडलेला आहे. टॅबच्या दृष्टीने हॉटस्पॉट म्हणजे वायफायच, त्यामुळे टॅबवरचे डिलीट क्लाउडपर्यंत पोचले. फोन मात्र स्वतः मोबाइल डेटावर होता. त्याने शुक्रवारनंतर सिंक केलेलेच नाही, आणि त्याच्यात नोट अजून तशीच आहे. घरी पोचून फोन वायफायला जोडला गेला की ती तिथूनही जाईल.

म्हणून चूक लक्षात येताच तिने फोनवर नोट्स ॲप उघडण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि वायफाय बंद असल्याची खात्री करायची. फ्लाइट मोडमध्येही वायफाय चालू राहू शकते, म्हणून ते वेगळे तपासावे लागते. मग ॲप उघडून सेटिंगमध्ये सिंक बंद करायचे. सिंक बंद केल्याने फोनवरच्या नोटा जात नाहीत, फक्त देवाणघेवाण थांबते. त्यानंतर नोट उघडायची, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या मेनूमधून ‘Save as file’ निवडायचे आणि ती दोनदा साठवायची: एकदा सॅमसंग नोट्सची फाइल म्हणून, एकदा पीडीएफ म्हणून. पहिल्या फाइलच्या नावाला `.sdocx` असा शेवट असतो. तिच्यात एस पेनच्या रेघा सुट्या राहतात, त्यामुळे टॅबवर उघडल्यावर चुकलेले माप खोडून पुन्हा लिहिता येते. पीडीएफमधल्या जुन्या रेघा अशा सुट्या खोडता येत नाहीत, पण ती कुठल्याही संगणकावर उघडते आणि दुसरे काही बिघडलेच तर निदान मापे वाचता येतात.

दोन्ही फाइली फोनच्या ‘My Files’मध्ये दिसल्या की मग घाई नाही. त्या केबलने टॅबवर न्याव्यात, तिथे `.sdocx` फाइल सॅमसंग नोट्समध्ये उघडून साठवावी, आणि 22 पाने उलटून पाहिल्यावरच फोनचे सिंक पुन्हा चालू करावे. शनिवारची दोन पाने मात्र या नोटेत नसतील. ती फोनवर कधी पोचलीच नव्हती. वाड्यात पुन्हा जाऊन देवडी मोजण्यावाचून तिला गत्यंतर नाही.

आतली आकृती पुसली गेली असेल तेव्हाही हीच रीत लागू पडते, किंबहुना तिथे तिची गरज जास्त असते, कारण तिथे ट्रॅशचा आधार मुळातच नसतो. दुसरे उपकरण बंद पडलेले असेल तर ते सुरू करण्याआधी घरातला राउटर बंद करावा, नाहीतर ते सुरू होताच ओळखीच्या वायफायला जोडले जाते. दुसरे उपकरणच नसेल तर स्मार्ट स्विचने पूर्वी संगणकावर किंवा मेमरी कार्डवर घेतलेला बॅकअप शोधावा. सॅमसंग नोट्सचा मजकूर त्यात घेता येतो, आणि सिंकसारखा तो आपोआप बदलत नाही. बॅकअप घेतलेल्या दिवशी नोट जशी होती तशी त्यात मिळते. मित्राला पाठवलेली पीडीएफ किंवा सरांना मेल केलेली पानेही अशा वेळी शोधण्यासारखी असतात.

डिलीट झालेला डेटा परत मिळवून देण्याचा दावा करणारी ॲपे बाजारात पुष्कळ आहेत. नोटांच्या बाबतीत त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपचा मजकूर त्याच्या खासगी जागेत असतो आणि दुसऱ्या ॲपला तिथे जाता येत नाही. शिवाय अँड्रॉइड 10 पासून बाजारात आलेल्या नव्या उपकरणांवर फाइली कूटबद्ध करून ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे मेमरीच्या कोपऱ्यात एखाद्या फाइलचे अवशेष उरले, तरी त्यांतून वाचण्याजोगे काही निघत नाही. ही ॲपे फार तर गॅलरीतली जुनी छोटी चित्रे शोधून दाखवतात. दुकानात टॅब देऊन ‘रिकव्हरी’ करून घेण्यात आणखी एक धोका असतो. तिथे टॅब रिसेट झाला, तर सिंक न झालेल्या उरलेल्या नोटाही जातात. टॅब देणे भागच असेल तर आधी उरलेल्या नोटा फाइल म्हणून साठवून त्या टॅबबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर नेऊन ठेवाव्यात.