हळदीच्या पाकिटाचे नमुनाचित्र

हळदपूड विक्रीस काढण्यापूर्वी तिच्या फॉइलच्या पाकिटाचे नमुनाचित्र करवून घेताना चित्रकारास केवळ ‘चकचकीत पाकीट’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. 200 ग्रॅमच्या पाकिटाचे वर्णन पुढीलप्रमाणे करावे. वरची व खालची उष्णतेने जोडलेली पट्टी सुमारे 1 सेंटिमीटर रुंद, सपाट व बारीक रेघांची असावी. पाकिटाच्या फुगीर भागावरील सुरकुत्या पट्टीच्या कडेशीच थांबाव्यात. पट्टी ओलांडून जाणारी सुरकुती ही हवा व ओल आत शिरण्याची वाट होय. छपाई चकाकीविरहित असल्याने तीवर प्रकाश मंद व पसरट दिसावा. तीक्ष्ण चमक फक्त न छापलेल्या फॉइलवर दाखवावी. अक्षरेही सुरकुत्यांबरोबर वळावीत. ती सरळच राहिल्यास चित्रातील छपाई वरून चिकटविल्यासारखी दिसते.