मागावर नसलेलं पत्र

‘नमस्कार सर, काल रात्री आपण आमच्या वेबसाइटवर दरांचं पान तीनदा पाहिलंत. काही शंका असल्यास आत्ताच बोलूया का?’

हा मेल ज्यानं लिहिला, त्याला आपण तत्पर आहोत असं वाटलं असणार. ज्याला तो आला, त्याला मात्र रात्री घरात बसलेलं असताना कुणीतरी खिडकीतून डोकावल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे त्याला दर खरंच हवे होते. मेल नसता आला, तर कदाचित त्यानं स्वतःच फोन केला असता.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात गच्चीवर सोलर बसवून देणारी छोटी कंपनी आहे. तिच्या वेबसाइटवर ‘हाउसिंग सोसायटीसाठी सौरऊर्जा’ अशी मार्गदर्शिका आहे. नाव आणि मेल पत्ता भरला की ती मिळते. 48 फ्लॅटच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सोमवारी ती उतरवून घेतली. बुधवारी रात्री त्याच ब्राउझरमधून दरांचं पान उघडलं गेलं. फॉर्म भरताना ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे छोटी खूण, ठेवली गेली होती. तिच्यामुळे कंपनीच्या यादीत या भेटी सेक्रेटरींच्या नावासमोर नोंदल्या गेल्या. विक्री सांभाळणाऱ्या मुलीला गुरुवारी सकाळी ही नोंद दिसते. आता तिनं काय लिहायचं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मार्गदर्शिका त्यांनी मागितली; पत्ता स्वतःच्या हातानं दिला. त्याचा उल्लेख खुशाल करावा, उलट तो केलाच पाहिजे, नाहीतर ‘तुम्हाला माझा पत्ता कुठून मिळाला?’ हा प्रश्न उभा राहतो. दरांचं पान पाहिल्याचं मात्र त्यांनी कंपनीला सांगितलेलं नाही. ती मागे राहिलेली पाऊलखूण आहे. तिच्यावरून पत्राचा विषय निवडता येतो. पत्रात ती दाखवायची नसते.

शिवाय ती खूण दिसते तितकी पक्की नसते. सेक्रेटरींनी मेलमधली लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तर खजिनदारानं उघडलेलं पान सेक्रेटरींच्या नावावर जमा होऊ शकतं, कारण अशा लिंकमध्ये मूळ पत्त्याची ओळख दडलेली असते. ‘मेल उघडला’ ही नोंद तर त्याहून कच्ची. मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक टिचभर चित्र असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की मेल उघडला असं धरतात. अॅपलनं 2021 मध्ये आणलेल्या सोयीत ही चित्रं माणसानं मेल वाचण्याआधीच परस्पर उतरवली जातात. मोठ्या कार्यालयांत सुरक्षेची यंत्रणा आलेल्या मेलमधल्या लिंक स्वतःच उघडून तपासते. मेल पोचल्यापासून काही सेकंदांत त्यातली प्रत्येक लिंक, अगदी ‘मेल बंद करा’सकट, उघडलेली दिसली, तर ते यंत्र आहे असं बिनदिक्कत समजावं. अशा नोंदीवर विसंबून ‘आपण तीनदा पाहिलंत’ लिहायचं म्हणजे आगाऊपणा तर आहेच, वर चुकीचं ठरण्याची जोखीमही आहे.

म्हणून पहिलं पत्र सोमवारीच जातं, मार्गदर्शिकेसोबत, लगेच. इथे घाई शोभते, कारण माणूस वाटच बघतोय.

‘नमस्कार, आपण मागवलेली मार्गदर्शिका सोबत आहे. वेळ कमी असेल तर “कॉमन मीटरचं बिल” हा भाग आधी वाचा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलावरून किती किलोवॉट लागतील, ते तिथे काढून दाखवलंय. काही अडलं तर याच मेलला उत्तर द्या, ते मलाच मिळतं.’

एवढंच. भेटीची वेळ मागायची नाही, सवलत दाखवायची नाही.

खरी कसोटी दुसऱ्या पत्राची. दरांच्या पानावर आलेल्या माणसाला साधारण काय पडलेलं असतं? आकडा किती, हे तर तिथे लिहिलेलंच आहे. पण किलोवॉटमागे दोन टोकांचे दर आहेत आणि मध्ये एवढं अंतर का, हे कळत नाही. जनरल बॉडीत कुणीतरी उठून नेमकं तेच विचारणार, ही सेक्रेटरींची धास्ती. मग पत्र त्यावर लिहावं:

‘नमस्कार, सोमवारी आपण आमची मार्गदर्शिका मागवली होती. त्यात एक मुद्दा थोडक्यात आटोपलाय, तो इथे सांगते. 20 किलोवॉटसाठी दोन कंपन्यांचे दर खूप वेगळे आले, तर आधी सांगाड्याची उंची विचारा. पॅनेल गच्चीलगत बसवली की लोखंड कमी लागतं. खालून माणूस चालू शकेल इतकी उंच हवी असतील तर लोखंड आणि खर्च दोन्ही वाढतात. उंची लिहून मागितली नाही, तर कोटेशनांची तुलनाच होत नाही. 20 किलोवॉटला सावली नसलेली साधारण 2,000 चौरस फूट जागा लागते, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते तेही बघून ठेवा. कोटेशनं शेजारी मांडायला एक पानी तक्ता केलाय, हवा असेल तर पाठवते. पुढे लिहू नये असं वाटलं तर एका ओळीत कळवा.’

यात दरांचं पान कुठेच नाही. हे पत्र दरांचं पान न पाहिलेल्या, पण मार्गदर्शिका घेतलेल्या दुसऱ्या सेक्रेटरीला पाठवलं तरी तितकंच उपयोगी पडेल. मी मसुदा असाच तपासतो: नाव बदलून वाचायचं, आणि कुठे अडखळायला झालं तर तिथे पाळत डोकावते आहे असं समजायचं.

‘सहज आपली आठवण आली’ हेही नको. ते खोटं असतं, आणि वाचणाऱ्याला कळतं.

वेळही चुगली करते. पान उघडल्यावर चार मिनिटांत दरांबद्दलचा मेल आला, तर शब्द कितीही निर्मळ असोत, माणूस दचकतो. गुरुवारी दिवसभरात किंवा शुक्रवारी सकाळी तो जावा. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीची गोष्ट 2012 मध्ये बरीच गाजली. खरेदीवरून गरोदर ग्राहक ओळखून त्यांना बाळाच्या वस्तूंची कूपन पाठवली जात. लोक बिचकतील हे लक्षात आल्यावर त्याच पत्रकात गवत कापायच्या यंत्राची जाहिरातही शेजारी छापू लागले. म्हणजे माहिती वापरायची ती वापरलीच, फक्त झाकून. मला ती वाट पटत नाही. सेक्रेटरींनी उद्या सरळ विचारलं की ‘मी काय बघतो ते तुम्हाला दिसतं का?’, तर उत्तर ‘हो, दिसतं, आणि नको असेल तर बंद करते’ असंच हवं. आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं असावं, असं म्हटलंय.

बऱ्याचदा दुसऱ्या पत्रालाही उत्तर येत नाही. जनरल बॉडी महिन्यावर असते, चेअरमन गावाला गेलेले असतात. दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक पत्र, तेही नवं काही सांगायचं असेल तरच. उदाहरणार्थ, पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 20 किलोवॉटला 3,60,000. त्यानंतर गप्प बसावं, मग दरांच्या पानावर कितीही भेटी दिसोत.

आणि मग एखाद्या दिवशी उत्तर येतं: ‘तक्ता पाठवा. तुमच्या साइटवर दर बघितले, त्यात नेट मीटरचा खर्च धरलाय का?’ आता त्यांनी स्वतःच सांगितलं. मग आडपडदा ठेवायचा नाही. धरला असेल तर हो, नसेल तर नाही, आणि महावितरणकडे अर्ज कोण करणार, हेही त्याच मेलमध्ये.