ऑक्सिजनच्या जागी तात्पुरता नायट्रोजन

सायक्लोहेक्झॅनोन हे सहा कार्बनचे वलय असलेले साधे कीटोन. त्यातला एक कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या शेजारी कार्बनांना रसायनशास्त्रज्ञ अल्फा कार्बन म्हणतात. औषधे, सुगंधी द्रव्ये, स्टिरॉइडे तयार करताना वारंवार एकच गरज पडते. या अल्फा कार्बनवरचा एक हायड्रोजन काढायचा आणि तिथे कार्बनची नवी साखळी जोडायची. एकच हायड्रोजन आणि एकच साखळी. ऐकायला हे सोपे वाटते, पण पन्नासच्या दशकापर्यंत या कामाने भल्याभल्या प्रयोगशाळांना घाम फोडला होता.

तेव्हाची पद्धत सरळ होती. कीटोनमध्ये तीव्र आम्लारी घालायची. ती अल्फा कार्बनवरचा प्रोटॉन ओढून घेते आणि मागे ऋणभारित ईनोलेट उरतो. ईनोलेटमध्ये अॅल्किल हॅलाइड टाकले की नवा बंध तयार होतो. अडचण त्यानंतर सुरू होते. भांड्यात अजून न बदललेले कीटोन असले, तर ईनोलेट त्याच्यावरच जाऊन आदळतो आणि दोन कीटोन एकमेकांना चिकटून बसतात. दुसरी गोची त्याहून वाईट. एक साखळी जोडलेले नवे कीटोनही अल्फा हायड्रोजन बाळगून असते. शिल्लक ईनोलेट त्याचा प्रोटॉन पळवतो, त्याचाही ईनोलेट होतो आणि त्यावर दुसरी साखळी चढते. शेवटी हाती येते ते न बदललेले, एकदा बदललेले आणि दोनदा बदललेले अशा कीटोनांचे मिश्रण. त्यांचे उत्कलनबिंदू जवळजवळ असले की ते वेगळे करणे जिकिरीचे होते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गिल्बर्ट स्टॉर्क यांनी 1954 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह यावर एक छोटेखानी शोधलेख प्रसिद्ध केला. सविस्तर लेख 1963 साली आला. त्यांची कल्पना अशी, की प्रोटॉन ओढण्यासाठी बळ वापरूच नये. कीटोनच्या ऑक्सिजनची जागा काही वेळापुरती नायट्रोजनला द्यावी, काम उरकावे आणि मग ऑक्सिजन परत आणावा. मधल्या अवस्थेतला हा नायट्रोजनवाला पदार्थ म्हणजे इनामाइन.

हे जमते ते नायट्रोजनच्या स्वभावामुळे. इनामाइनमध्ये दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो आणि त्यातल्या एका कार्बनला नायट्रोजन जोडलेला असतो. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती दुहेरी बंधाकडे कलते आणि पलीकडच्या कार्बनवर, म्हणजे नेमक्या अल्फा कार्बनवर, इलेक्ट्रॉन दाटतात. हा कार्बन ईनोलेटसारखाच वागतो, फक्त पुष्कळ सौम्यपणे. त्याच्यावर पूर्ण ऋणभार नसतो. त्यामुळे तो साध्या कीटोनवर सहजासहजी हल्ला करत नाही, पण अॅलिल ब्रोमाइडसारख्या तरतरीत हॅलाइडशी बंध जुळवायला त्याचे बळ पुरते.

प्रत्यक्ष कृती कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. 9.8 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल सायक्लोहेक्झॅनोन घ्यायचे. त्यात पायरोलिडीन हे पाच कड्यांच्या वलयाचे द्वितीयक अमाइन थोडे जास्त, सुमारे 8.5 ग्रॅम, टाकायचे. द्रावक म्हणून टोल्युइन. पूर्वी यासाठी बेंझीन सर्रास वापरत, पण ते कर्करोगकारक असल्याने आता टाळतात. चिमूटभर पॅराटोल्युइनसल्फोनिक आम्ल उत्प्रेरक म्हणून पुरते. चंबूवर डीन-स्टार्क सापळा लावून मिश्रण उकळत ठेवतात. टोल्युइनच्या वाफेबरोबर पाणीही वर जाते, थंड होऊन सापळ्यात तळाशी बसते आणि टोल्युइन वरून परत चंबूत ओघळते.

हा सापळा म्हणजे या प्रयोगाचा प्राण आहे. कीटोन आणि अमाइन यांच्यापासून इनामाइन होताना प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू सुटतो आणि ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. पाणी भांड्यातच राहिले तर इनामाइन पुन्हा मोडते. पाणी बाहेर काढत राहिले तरच गाडी पुढे सरकते. 0.1 मोलच्या हिशोबाने सापळ्यात सुमारे 1.8 मिलिलिटर पाणी जमायला हवे. पातळी त्याच्या जवळ येऊन थांबली की समजावे, इनामाइन तयार झाले. एक मिलिलिटरवरच अडकली तर काम अर्धवट आहे. अवरक्त वर्णपटावरही ते दिसते. कीटोनची 1715 च्या आसपासची ठसठशीत रेघ जाते आणि 1640 च्या जवळ दुहेरी बंधाची रेघ उमटते. नंतर टोल्युइन आणि उरलेले अमाइन काढून टाकून कमी दाबाखाली इनामाइन ऊर्ध्वपातित करतात. ते कोरड्या हवेतच जपावे लागते, कारण ओलसर हवेतले पाणीही त्याला पुन्हा कीटोनकडे नेते.

पुढची पायरी अॅलिल ब्रोमाइडची. इनामाइनबरोबर ते तापवले की अल्फा कार्बन त्यातल्या कार्बनला जोडला जातो आणि ब्रोमाइड बाहेर पडते. नायट्रोजनवर धनभार येतो. या इमिनियम क्षारातच खरी मेख आहे. इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ आता इलेक्ट्रॉनांना हपापलेला झाला आहे. तो दुसऱ्या अॅलिल ब्रोमाइडवर हल्ला करू शकत नाही, म्हणून साखळी साधारणपणे एकच राहते. शेवटी पाणी किंवा सौम्य आम्ल घालून गरम केले की इमिनियम मोडते, ऑक्सिजन परत येतो आणि 2-अॅलिलसायक्लोहेक्झॅनोन मिळते. पायरोलिडीन आम्लात क्षार होऊन पाण्याच्या थरात जाते आणि कीटोन ईथरने वेगळे काढता येते. एवढ्या सगळ्यात सोडियम अमाइडसारख्या तीव्र आम्लारीचे नाव कुठे आले नाही.

वलयावर आधीच एक मिथाइल गट असला तर गंमत वाढते. 2-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोनला दोन अल्फा बाजू आहेत, एक गर्दीची आणि एक मोकळी. समतोल ईनोलेट साधारणतः गर्दीच्या बाजूला जास्त बनतो. इनामाइन मात्र साधारण दहातले नऊ भाग मोकळ्या बाजूने बनते. नायट्रोजनची जोडी दुहेरी बंधाशी समांतर राहण्यासाठी पायरोलिडीनचे वलय त्याच प्रतलात यावे लागते. तिथे मिथाइल गट असला तर दोघांची टक्कर होते, म्हणून दुहेरी बंध दुसरीकडे जातो. नवी साखळीही साहजिकच मोकळ्या बाजूला बसते.

मर्यादा स्पष्ट आहे आणि ती लपवून उपयोग नाही. इनामाइनमधला नायट्रोजनही इलेक्ट्रॉन देऊ शकतो. मिथाइल किंवा एथिल आयोडाइडसारखी साधी हॅलाइडे पुष्कळदा कार्बनऐवजी नायट्रोजनलाच चिकटतात आणि ते सहसा परत फिरत नाही. त्यामुळे उतारा घसरतो. अॅलिल आणि बेंझिल हॅलाइडे, ब्रोमोअॅसिटिक एस्टर, अॅक्रिलोनायट्राइल आणि मिथाइल अॅक्रिलेट यांच्याबरोबर मात्र ही पद्धत उत्तम चालते. शेवटच्या दोघांशी नायट्रोजन जोडला गेला तरी ती जोड उलटू शकते, म्हणून अखेर कार्बनच जिंकतो.

पुढे लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड ही आम्लारी रूढ झाली. ती कोरड्या द्रावकात उणे 78 अंश सेल्सियसला सगळ्या कीटोनचा एकदम ईनोलेट करते. त्यामुळे साध्या हॅलाइडांचा प्रश्न बराच सुटला. पण त्यासाठी कोरडा बर्फ, निष्क्रिय वायू आणि ओलाव्यापासून कडेकोट बंदोबस्त लागतो.

इनामाइनची कल्पनाही मागे पडली नाही. पायरोलिडीनचेच वलय असलेल्या प्रोलिन या अमिनो आम्लाने 2000 साली बेंजामिन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी अल्डॉल अभिक्रिया घडवली. तिथे इनामाइन क्षणभर बनते, काम करते आणि मोडून प्रोलिन मोकळे होते. थोड्याशा प्रोलिनवर पुष्कळ काम होते आणि डावा-उजवा रूपभेदही हवा तसा साधतो. अशा उत्प्रेरणासाठी लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना 2021 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा हॅलाइड तरतरीत असेल किंवा अॅक्रिलेटसारखा भागीदार असेल, तर डीन-स्टार्क सापळा लावून इनामाइनच करावे. साध्या एथिल आयोडाइडसाठी मात्र उणे 78 अंशाचा ईनोलेट अधिक भरवशाचा.