पहिल्या दोन ओळींत ओळख

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या माथ्याशी पोस्ट पिन करता येते. तिथल्या मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला दाबावं लागतं. अनोळखी माणूस बहुधा तेवढंही करत नाही.

समजा, बाल्कनीत भाज्या पिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय : ‘नमस्कार! खूप दिवसांपासून मनात होतं, अखेर आज हा प्रवास सुरू करतेय. तुमची साथ हवी.’ यात भाजीचा उल्लेखच नाही. ओळखीच्यांना ते कळेल, परक्याला नाही.

आता हे वाचा : ‘फ्लॅटच्या बाल्कनीत, कुंडीत भाजी पिकवायचीय? दर शनिवारी एक भाजी, बी पेरण्यापासून तोडणीपर्यंत. सुरुवात मेथीपासून करा.’ कोणासाठी, काय, कधी आणि आधी काय पाहावं, हे सगळं यात आलं. ताईंची स्वतःची गोष्ट त्याखाली येऊ द्या. पोस्टच्या चित्रावरही ‘बाल्कनीतली भाजी’ एवढेच ठळक शब्द हवेत, कारण प्रोफाइलवर आधी चित्रच दिसतं.

मग विषय माहीत नसलेल्या शेजाऱ्याला ती पाच सेकंद दाखवा आणि ‘इथे काय मिळेल?’ असं विचारा. ‘बागकामाचं काहीतरी’ असं उत्तर आलं, तर पहिली ओळ अजून नेमकी करा. शनिवार पाळणं जमणार नसेल, तर मात्र तो शब्द काढून टाका.