मोठेपणी भाषा शिकताना: जीभ अडते, व्याकरण अडतंच असं नाही

आमच्या शाळेच्या पालकसभेला एक अम्मी येतात. लग्नानंतर उत्तर प्रदेशातून इकडे आल्या, घरात उर्दू. मराठी त्या इथेच शिकल्या, पण सभेत तोंड उघडत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मी 'वेळ' म्हणायला जाते आणि 'वेल' निघतो. मुलं हसतात. या वयात आता काय येणार?"

"या वयात" या शब्दांमागे एक जुना सिद्धान्त आहे. एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये मांडलं की, भाषा आपसूक शिकण्याची मेंदूची मुदत साधारण दोन वर्षांपासून वयात येईपर्यंत असते. पुढच्या संशोधनात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. 'भाषा' म्हणून सगळं एकाच पिशवीत टाकणं चुकीचं आहे. उच्चार आणि व्याकरण यांचं वयाशी असलेलं नातं सारखं नाही.

याची चांगली तपासणी जेम्स फ्लेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत स्थायिक झालेले 240 कोरियन त्यांनी निवडले. कुणी एक वर्षाचं असताना आलेलं, कुणी तेविसाव्या वर्षी. प्रत्येकाकडून इंग्रजी वाक्यं बोलवून घेतली आणि परकेपणा किती जाणवतो, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्या श्रोत्यांनी ठरवलं. शिवाय 144 वाक्यं ऐकवून कोणतं बरोबर, कोणतं चूक, तेही विचारलं.

पहिल्या नजरेत दोन्हीकडे एकच चित्र दिसलं: जितकं उशिरा आगमन, तितके गुण कमी. पण लहानपणी आलेली मुलं अमेरिकन शाळेतही जास्त वर्षं बसली होती आणि इंग्रजी जास्त बोलत होती. मग खरं कारण वय की शाळा? संशोधकांनी या बाबी सारख्या असलेले गट काढून पुन्हा तुलना केली. उच्चारातला वयाचा फरक तसाच राहिला. व्याकरणातला मात्र मावळला. जे नियमाने शिकता येतं, त्यातले गुण शाळेच्या वर्षांशी जोडलेले निघाले. जे एकेका शब्दाबरोबर लक्षात ठेवावं लागतं, ते भाषेच्या वापराशी.

आपल्या घरात हे सहज पडताळता येतं. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून अम्मी "मी पुस्तक वाचली" म्हणतात. 'वाचलं' म्हणायला हवं, हा नियम सांगून समजतो. पण कोणता शब्द नपुंसकलिंगी, हे वाचून-बोलूनच बसतं. दोन्ही गोष्टी चाळिशीतही होतात.

अर्थात, वाद संपलेला नाही. 2018 मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी काढलेला निष्कर्ष असा की, व्याकरण शिकण्याचा वेग सतराव्या वर्षाच्या सुमारास घसरतो. पण वेग घसरणं म्हणजे दार बंद होणं नव्हे.

मग उच्चार का अडतो? मुळात कान अडतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवलं की, इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखतं. वर्षाचं होता होता ही ओळख बरीच पुसली जाते, कारण त्याच्या घरच्या भाषेत तो फरक लागत नाही. उर्दूत 'ळ' नाही. म्हणून त्या कानाला तो 'ल'सारखाच वाटतो.

कानाला मात्र पुन्हा वळण लावता येतं. 1990 च्या दशकात इंग्रजीतला 'र' आणि 'ल' न ओळखता येणाऱ्या जपानी प्रौढांना 'रीड-लीड'सारख्या जोड्या वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात ऐकवल्या. प्रत्येक वेळी कोणता शब्द ते निवडायचं आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचं. तीन-चार आठवड्यांत ओळख सुधारली. बोलण्याचा सराव न देताही उच्चार सुधारला आणि तीन महिन्यांनंतरही फायदा टिकला. जन्मापासून बोलणाऱ्यांइतका तो झाला नाही, हेही खरं.

त्या अम्मींना आम्ही हीच रीत सांगितली. वेळ-वेल, काळ-काल, डाळ-डाल अशा दहा जोड्या. मुलगी, शेजारीण, दुकानदार अशा निरनिराळ्या आवाजांत मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, कागदाकडे न बघता ओळखायच्या, मग उत्तर पाहायचं. एकाच आवाजावर सराव केला तर कान तो आवाज पाठ करतो, फरक नाही. दहापैकी नऊ ओळखता येऊ लागले की जिभेचं टोक मागे टाळूकडे वळवून 'ळ' म्हणायचा.

मुलीलाही एक काम दिलं: हसायचं नाही, "कोणता शब्द होता?" एवढंच विचारायचं. 'ळ' थोडा हलका राहिला तरी "मला वेळ नाही मिळाला" हे वाक्य सभेत कुणालाही कळतं. पुढच्या सभेत त्यांनी बोलावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.